भागीदारीची प्रायव्हेट लिमिटेड करताना: यंत्रे विकू नका, राजीनामे घेऊ नका

वाचकाचे पत्र

आमची १९९८ पासूनची नोंदणीकृत भागीदारी संस्था आहे. मी, माझा धाकटा भाऊ आणि वडिलांच्या मित्राचा मुलगा असे तिघे भागीदार असून नफ्याचे प्रमाण ४०, ३० आणि ३० टक्के आहे. शिरोली एमआयडीसीतील भूखंडावर आमचे मशीन शॉप आहे आणि ३४ कामगार आहेत. बँकेचे कॅश क्रेडिट आहे. मोठा ग्राहक आता प्रायव्हेट लिमिटेडशीच व्यवहार करू म्हणतो. आमच्या सल्लागारांनी सांगितले की नवी कंपनी काढा, संस्थेची यंत्रे तिला विका, कामगारांचे राजीनामे घ्या आणि कंपनीतर्फे नवी नेमणूकपत्रे द्या. जुने कामगार अस्वस्थ झाले आहेत. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीचे काय, असे ते विचारतात. तिसऱ्या भागीदारालाही आपला वाटा कमी होईल अशी भीती आहे. ताळेबंदाप्रमाणे आमची भांडवले ६० लाख, ४५ लाख आणि १५ लाख आहेत. योग्य मार्ग कोणता?

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

तुम्हाला सुचवलेल्या मार्गाची दोन्ही टोके चुकीची आहेत. यंत्रांची सुटी विक्री केली, तर त्या विक्रीवर जीएसटी येईल, घसारा वजा जाता उरलेल्या किमतीपेक्षा जास्त रक्कम आल्यास भांडवली नफ्यावरील कर येईल आणि भूखंडाचे हक्क वेगळ्या दस्ताने द्यावे लागल्यास मुद्रांक शुल्कही भरावे लागेल. राजीनामे घेतले, तर ज्या माणसांच्या हातावर तुमचे दुकान चालते त्यांची अनेक वर्षांची सलग सेवा कागदावर तुटेल, आणि तिच्यावर अवलंबून असलेले हक्कही तुटतील. या दोन्ही गोष्टींची काहीही गरज नाही. कंपनी कायदा २०१३ च्या एकविसाव्या प्रकरणातील कलम ३६६ ते ३७४ नेमकी तुमच्यासारख्या संस्थांसाठीच आहेत.

या मार्गात भागीदारी संस्था स्वतःच कंपनी म्हणून नोंदली जाते. पूर्वी यासाठी किमान सात सभासद लागत, म्हणून दोन-तीन भागीदारांच्या संस्थांना हा मार्ग जवळजवळ बंद होता. २०१७ च्या दुरुस्तीने ही संख्या दोनवर आली आणि १५ ऑगस्ट २०१८ पासून ती लागू झाली. तुमच्या सल्लागारांच्या मनात कदाचित जुनी अट असावी. कलम ३६८ नुसार नोंदणीच्या क्षणी संस्थेची सर्व स्थावर-जंगम मालमत्ता आणि येणी कायद्यानेच कंपनीत निहित होतात. कलम ३६९ नुसार संस्थेची देणी व करारांची जबाबदारी जशीच्या तशी राहते आणि कलम ३७० नुसार चालू दावे थांबत नाहीत. येथे कोणी कोणाला काही विकत नाही, आणि पुढचे सगळे काम करताना हे एक वाक्य समोर ठेवावे लागेल.

आता ज्या कागदावर सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा त्याकडे वळतो. कंपनी निबंधकाकडे यूआरसी-१ अर्जासोबत मालमत्ता व देण्यांचे एक विवरणपत्र द्यावे लागते. ते सनदी लेखापालाने प्रमाणित केलेले आणि अर्जाच्या दिवशी तीस दिवसांपेक्षा जुने नसलेले असावे. बहुतेक ठिकाणी गेल्या मार्चच्या ताळेबंदात थोडे फेरफार करून ते बनवतात. मला ही सवय धोक्याची वाटते, कारण तिघांचे शेअर किती, कराची सवलत टिकेल का आणि कामगारांचे देणे कोणाच्या अंगावर, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे याच पानावर ठरतात.

आयकराची सवलत आधी पाहू. संस्थेचा व्यवसाय कंपनीने पुढे चालवायला घेतला, तर त्या हस्तांतरावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, मात्र त्याला चार अटी आहेत. १९६१ च्या आयकर कायद्यात ही तरतूद कलम ४७ च्या तेराव्या खंडात होती. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा लागू असल्याने तिचा क्रमांक बदलला आहे, अटींचा गाभा मात्र तोच आहे. पहिली अट अशी की व्यवसायाची सर्व मालमत्ता आणि सर्व देणी कंपनीकडे गेली पाहिजेत, त्यात निवडानिवड चालत नाही. दुसरी अशी की सर्व भागीदार शेअरधारक झाले पाहिजेत आणि त्यांचे शेअर त्या दिवशीच्या भांडवल खात्यांच्या प्रमाणात असले पाहिजेत. तिसरी अशी की भागीदारांना शेअर सोडून दुसरा कोणताही मोबदला किंवा लाभ मिळता कामा नये. आणि चौथी अशी की भागीदारांचे एकत्रित मताधिकार पुढील पाच वर्षे ५० टक्क्यांच्या खाली जाता कामा नयेत. यातली एखादी अट नंतर मोडली, तर आधी करातून सुटलेला नफा, ज्या वर्षी अट मोडली त्या वर्षी, कंपनीच्या हातात करपात्र होतो.

दुसरी अट पुन्हा वाचा. शेअर नफ्याच्या प्रमाणात मिळत नाहीत, भांडवलाच्या प्रमाणात मिळतात. तुमच्या आकड्यांप्रमाणे एकूण भांडवल १२० लाख आहे, म्हणजे तुम्हाला ५० टक्के, भावाला साडेसदतीस टक्के आणि तिसऱ्या भागीदारांना फक्त साडेबारा टक्के. आजवर ३० टक्के नफा घेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही मोठी घसरण आहे. त्यांची भीती खरी आहे आणि तिला तुम्ही खरे उत्तर दिले पाहिजे.

पण हिशेब इथेही संपत नाही. मला शंका आहे की तुमच्या ताळेबंदात ग्रॅच्युइटीची तरतूदच नाही. लहान संस्था ग्रॅच्युइटी माणूस निवृत्त झाला की त्या वर्षीच्या खर्चात टाकतात. तरतूद केल्याने करात वजावट मिळत नाही, मान्यताप्राप्त निधीत पैसे भरले तरच मिळते, म्हणून ती कोणी करत नाही. आता मात्र सर्व देणी कंपनीकडे जायची आहेत, आणि ३४ कामगारांची साठलेली ग्रॅच्युइटी हे खरेखुरे देणे आहे. अशी देणी मोजणाऱ्या तज्ज्ञाकडून, म्हणजे अॅक्च्युअरीकडून, ते मोजून घ्या. समजा ते २० लाख निघाले. हा मागील वर्षांचा खर्च असल्याने तो नफ्याच्या प्रमाणात तिघांच्या भांडवलातून वजा होईल, म्हणजे तुमच्या खात्यातून ८ लाख आणि इतर दोघांच्या खात्यांतून ६-६ लाख. भांडवले उरतील ५२, ३९ आणि ९ लाख. बेरीज बरोबर १०० लाख, म्हणून टक्केही तेच. कामगारांचे देणे प्रामाणिकपणे लिहिल्यावर तिसऱ्या भागीदाराचा हिस्सा साडेबारावरून नऊ टक्क्यांवर येतो.

नऊ टक्क्यांचा अर्थ काय होतो, हेही त्यांना समजावून सांगा. कंपनी कायद्याच्या कलम १०० नुसार असाधारण सभा बोलावण्याची मागणी करायला किमान एक-दशांश मतदानाचे भांडवल लागते, ते त्यांच्याकडे नसेल. ५२ टक्क्यांवर साधारण ठराव तुम्ही एकटे मंजूर करू शकाल, आणि दोघे भाऊ मिळून ९१ टक्क्यांवर विशेष ठरावही. भागीदारी कायद्याखाली व्यवसायाचे स्वरूप बदलायला किंवा नवा भागीदार घ्यायला सर्वांची संमती लागत होती. कंपनीत हा नकाराधिकार आपोआप येत नाही.

यातून दोन रस्ते निघतात आणि ते दोन्ही नोंदणीच्या आधीचे आहेत. पहिला म्हणजे भांडवले नफ्याच्या प्रमाणाला आणून ठेवणे. एकूण १०० लाखच ठेवायचे असतील, तर तुम्ही १२ लाख आणि भावाने ९ लाख काढून घ्यावेत आणि तिसऱ्यांनी २१ लाख आणावेत, म्हणजे ४०, ३०, ३० होईल. पैसे खरेच बँकेतून गेले आणि आले पाहिजेत. तुम्ही काढलेली रक्कम त्याच आठवड्यात त्यांना उसनी दिली आणि त्यांनी ती परत भरली, असा फेरा करू नका. एवढी रक्कम त्यांच्याकडे नसेल, तर एक वर्ष थांबून तुम्ही दोघांनी आपला नफा उचलावा आणि त्यांनी आपला संस्थेत ठेवावा. बँकेने भांडवल कमी न करण्याची अट घातली आहे का, हे मंजुरीपत्रात आधी पाहा. दुसरा रस्ता म्हणजे शेअर असमान राहू देणे, पण कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये, काही विषय तिघांच्या संमतीशिवाय ठरणार नाहीत असे पक्के कलम घालणे. कंपनी कायद्याच्या कलम ५ मध्ये अशा संरक्षित तरतुदींची सोय आहे. नवे शेअर काढणे, मालमत्ता विकणे, संचालक काढणे आणि भागीदारांचे पगार हे चार विषय तरी त्यात असावेत. माझे मत विचाराल, तर पहिला रस्ता जमेल तेवढा घ्या आणि उरलेल्या फरकासाठी दुसरा घ्या.

एक मोह टाळण्याची विनंती करतो. भूखंडाची पुस्तकी किंमत नाममात्र असेल आणि बाजारभाव मोठा, तेव्हा कोणीतरी सुचवील की पुनर्मूल्यांकन करा, वाढ नफ्याच्या प्रमाणात भांडवलात जाईल आणि शेअरचे प्रमाण आपोआप जुळेल. गणित जुळते, हे खरे. पण नोंदणीच्या तोंडावर कागदी वाढ करून तिच्या आधारे शेअर घेतले, की तपासणीत पहिला प्रश्न त्याच नोंदीवर येतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये टेक्सस्पिन इंजिनिअरिंगच्या प्रकरणात संस्थेच्या अशा नोंदणीत मालमत्ता कायद्याने निहित होते आणि संस्था विसर्जित होऊन मालमत्ता वाटली गेली असे मानता येत नाही, असा निर्णय दिला. तो निर्णय तुमच्या बाजूचा आहे. त्याचा आधार असताना नवा वाद ओढवून घेऊ नये.

तिसऱ्या अटीत माणसे सर्वांत जास्त अडकतात. भांडवलातील काही भाग नोंदणीच्या आदल्या महिन्यात ‘भागीदाराचे कर्ज’ या खात्यात वळवतात आणि कंपनी झाल्यावर तो हप्त्यांनी परत घेतात. हा शेअरव्यतिरिक्त मिळालेला लाभ आहे, असे कर अधिकारी म्हणू शकतो आणि मग सगळी सवलतच धोक्यात येते. वर्षानुवर्षे वेगळ्या खात्यात असलेले, व्याज मिळणारे आणि करारात नोंदलेले खरे कर्ज ही वेगळी गोष्ट आहे, कारण ते संस्थेचे देणे म्हणून कंपनीकडे जाते. चालू खात्यातील जमा शिल्लक मात्र नोंदणीपूर्वी एकतर काढून घ्या, नाहीतर भांडवलात मिळवा. तिला तशीच लोंबकळत ठेवू नका.

मालमत्तेच्या अटींकडे येतो. तिघांमध्ये एक पूरक भागीदारी करारपत्र करावे लागेल, त्यात कंपनीत रूपांतर करण्याची संमती, शेअरचे प्रमाण आणि मालमत्ता-देण्यांची यादी असेल. त्याच्या भाषेला जपा. ‘संस्था आपली मालमत्ता कंपनीस हस्तांतरित करीत आहे’ असे लिहिले, की तो दस्त अभिहस्तांतरणासारखा दिसू लागतो आणि महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाखाली शुल्काचा प्रश्न उभा राहतो. त्याऐवजी ‘कलम ३६८ अन्वये नोंदणीच्या दिनांकास पुढील मालमत्ता कंपनीत निहित होईल, याची पक्षकार नोंद घेत आहेत’ असे लिहावे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने जुन्या कंपनी कायद्यातील याच प्रकारच्या तरतुदीबाबत कायद्याने मालमत्ता निहित होत असल्याने वेगळ्या हस्तांतरण दस्ताची गरज नाही, असे म्हटले आहे. तरीही मुद्रांक कायद्याचे पालन करू, असे हमीपत्र अर्जासोबत द्यावे लागतेच, म्हणून मुद्रांकाचा विषय वकिलाच्या लेखी मतासह मिटवून ठेवा.

भूखंड एमआयडीसीचा भाडेपट्ट्याचा आहे, म्हणजे तुमच्याकडे मालकी नसून भाडेपट्ट्याचा हक्क आहे. मालमत्ता कंपनी कायद्याने निहित झाली, तरी भाडेपट्टा करारातील पूर्वसंमतीची अट त्यामुळे पुसली जात नाही. प्रादेशिक कार्यालयात आधी अर्ज द्या, भागीदार आणि शेअरधारक तेच आहेत हे तक्त्याने दाखवा आणि शुल्क कोणत्या प्रकारात आकारले जाईल ते लेखी घ्या. भांडवलाच्या फेरबदलापूर्वीच हे विचारा, कारण हिस्सा किती हलला यावर त्यांचे उत्तर अवलंबून असू शकते.

यंत्रांची यादी करताना शेडमध्ये प्रत्यक्ष फिरून करा. प्रत्येक सीएनसी आणि व्हीएमसीचा अनुक्रमांक, खरेदीचे बिल आणि कोणत्या बँकेकडे हायपोथिकेशन आहे ते लिहा. आणि एक गोष्ट वगळायला विसरू नका: तुमच्या मांडणीवर पडलेल्या डाय, पॅटर्न, फिक्श्चर आणि जॉबवर्कला आलेली कास्टिंग यांतली बरीच ग्राहकांची असतात. ती संस्थेच्या मालमत्तेत लिहिली गेली, तर पुढे ग्राहकाशी आणि बँकेशीही भांडण होते. त्यांची वेगळी यादी करून ग्राहकाची सही घ्या.

बँकेची लेखी ना-हरकत नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही, कारण तारण घेतलेल्या प्रत्येक धनकोची संमती कलम ३७४ खाली बंधनकारक आहे. कंपनी झाल्यावर बँकेचा भार तीस दिवसांत निबंधकाकडे नव्याने नोंदवावा लागेल. तुमची वैयक्तिक हमी बँक सोडणार नाही, असे गृहीत धरा. तसेच नोंदणीपूर्वीच्या देण्यांबाबत भागीदारांची वैयक्तिक जबाबदारीही संपत नाही. मर्यादित जबाबदारीचा फायदा पुढच्या देण्यांना मिळतो.

आता कामगारांचा प्रश्न. औद्योगिक विवाद कायदा १९४७ च्या कलम २५-एफएफ मध्ये असे तत्त्व होते की उपक्रमाची मालकी कराराने किंवा कायद्याने बदलली, तर वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला छाटणीसारखी नुकसानभरपाई द्यावी लागते. तीन गोष्टी पाळल्या तर ती द्यावी लागत नाही: सेवा खंडित होऊ नये, सेवाशर्ती आधीपेक्षा कमी लाभाच्या होऊ नयेत आणि पुढे कधी छाटणी झालीच, तर जुनी-नवी सेवा सलग धरून भरपाई द्यायला नवा मालक बांधील असावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे तत्त्व औद्योगिक संबंध संहितेत आले आहे. म्हणजे राजीनामे घेणे हे फक्त अन्यायाचे नाही, तर तुम्हाला मिळणारे संरक्षण स्वतःच्या हाताने घालवण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एका उद्योगाच्या विक्रीच्या प्रकरणात हेही म्हटले की संमतीशिवाय कामगाराला दुसऱ्या व्यवस्थापनाखाली काम करायला भाग पाडता येत नाही. तुमच्याकडे व्यवस्थापन तेच राहणार आहे, तरी प्रत्येकाची सही घ्या.

ग्रॅच्युइटीचा एक हिशेब तुमच्या जुन्या टर्नरसमोर बसून करून दाखवा. समजा त्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १८,२०० रुपये आहे आणि सेवा २२ वर्षे. २६ ने भागून ७०० रुपये रोज, पंधरा दिवसांचे १०,५०० आणि २२ वर्षांचे २,३१,००० रुपये. राजीनामा घेऊन ही रक्कम आज चुकती केली आणि कंपनीत नवी नेमणूक दिली, तर वरवर सगळे नीट दिसते. चार वर्षांनी ते २२,१०० रुपयांवर निवृत्त झाले, तर सलग २६ वर्षांची ग्रॅच्युइटी ३,३१,५०० रुपये झाली असती. खंड पडल्यामुळे नव्या नोकरीची पाच वर्षेच भरत नाहीत आणि कंपनी त्यांना काहीही देणे लागत नाही, असे कोणी म्हणू शकेल. पूर्ण पैसे दिल्यानंतरही त्या माणसाचे १,००,५०० रुपये जातात. मी तीस वर्षांत अशी दोन प्रकरणे जवळून पाहिली आहेत. त्यातल्या एका कारखान्यात निवृत्तीच्या दिवशी हातात आलेला हिशेबाचा कागद उलटसुलट पाहत उभा असलेला ग्राइंडर मला अजून आठवतो. त्याला सही करताना फक्त ‘नाव बदलतेय’ एवढेच सांगितले होते. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत वेतनाची व्याख्या बदलली असून भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो, तेव्हा अॅक्च्युअरीला आकडे देताना हेही पाहा.

म्हणून राजीनाम्याऐवजी प्रत्येकाला मराठीत एक पत्र द्या. मी असे लिहीन: ‘संस्थेची दिनांक अमुक रोजी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी म्हणून नोंदणी होत आहे. आपण संस्थेत दिनांक अमुकपासून कामावर आहात. आपली सेवा खंडित झालेली नाही आणि हीच तारीख कंपनीतही आपल्या रुजू होण्याची तारीख राहील. आपले वेतन, हुद्दा, पाळी आणि इतर सेवाशर्ती आजच्यापेक्षा कमी लाभाच्या होणार नाहीत. आपली शिल्लक रजा इतके दिवस कंपनीच्या खाती पुढे घेतली आहे. ग्रॅच्युइटी तसेच छाटणीची वेळ आल्यास भरपाई, मूळ रुजू तारखेपासूनची सेवा सलग धरून कंपनी देईल.’ रुजू तारीख आणि रजेचे दिवस मस्टर व हजेरीपुस्तकाशी ताडून हाताने भरा, छापील रिकाम्या जागा ठेवू नका. जुन्या माणसांच्या रुजू तारखेबद्दल वाद असेल, तर तो आत्ता मिटवा. कंपनीच्या पहिल्या संचालक सभेतही हाच मजकूर ठराव म्हणून नोंदवा, म्हणजे संस्थेने दिलेले वचन कंपनीचे होईल.

बोनसबाबत एक गैरसमज ऐकायला मिळतो, की नवी कंपनी असल्याने पहिली पाच वर्षे नफा नसेल तर बोनस नाही. नव्या आस्थापनेची ही सवलत केवळ नाव, व्यवस्थापन किंवा मालकी बदलल्याने मिळत नाही, असे बोनस कायद्यातच स्पष्ट होते, आणि तुमचे आस्थापन १९९८ चेच आहे.

पीएफच्या बाबतीत एक व्यावहारिक खाच आहे. कंपनी नोंदणीच्या अर्जासोबतच्या ‘ॲजाइल प्रो-एस’ अर्जातून नव्या कंपनीला पीएफ आणि ईएसआयचे नवे कोड मिळतात. तुमचा जुना कोड चालूच असतो. मग दोन कोड होतात, एका महिन्याची वर्गणी कुठे भरायची यावर गोंधळ होतो आणि मधला महिना रिकामा राहतो. अर्जापूर्वीच पीएफ कार्यालयात जाऊन जुना कोड नाव-पॅन बदलून चालू ठेवता येतो का, ते विचारा. नव्या कोडवरच जावे लागले, तर जुन्या कोडवर शेवटचा दिवस आणि नव्यावर रुजू होण्याचा दिवस यांत एकाही दिवसाची फट ठेवू नका, तोच युएएन जोडा आणि जुनी शिल्लक ऑनलाइन वर्ग करा. कामगारांना शेडमध्ये एकत्र बोलावून सांगा की कोणीही पीएफ काढू नये, कारण पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते आणि पैसे काढले की जुनी वर्षे हातची जाण्याचा धोका असतो. ईएसआयमध्येही जुनाच विमा क्रमांक नव्या कोडला जोडायचा, नवा काढायचा नाही.

वेळापत्रकात एक अडचण जवळजवळ प्रत्येकाला येते. नव्या कंपनीचे आरक्षित नाव वीस दिवस टिकते, तर एका इंग्रजी आणि एका मराठी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन हरकतींसाठी एकवीस दिवस थांबावे लागते. नाव मिळताच जाहिरात दिली, तरी एक दिवस कमी पडतोच. शुल्क भरून नावाची मुदत चाळीस किंवा साठ दिवसांपर्यंत वाढवता येते, ती पहिल्या पंधरवड्यातच वाढवून घ्या. विवरणपत्राचे तीस दिवसही याच काळात मोजले जातात, म्हणून ते नाव मिळण्याआधी करू नका, हरकतींचा काळ संपत आला की महिनाअखेरच्या दिनांकाचे करा. भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे १९९८ नंतरचे सगळे बदल नोंदलेले आहेत का, हेही सुरुवातीलाच पाहा. तेथे जुना, निवृत्त झालेला भागीदार अजून दिसत असेल, तर अर्ज तिथेच थांबेल.

पॅन बदलत असल्याने जीएसटी क्रमांकही नवा लागेल. संपूर्ण चालता व्यवसाय हस्तांतरित होत असल्याने त्यावर जीएसटी लागत नाही. जुन्या क्रमांकावर शिल्लक असलेले इनपुट क्रेडिट ‘आयटीसी-०२’ या अर्जाने, सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रासह नव्या क्रमांकावर जाते आणि कंपनीने ते पोर्टलवर स्वीकारावे लागते. हा अर्ज पूर्ण झाल्याशिवाय जुना क्रमांक रद्द करण्याचा अर्ज देऊ नका. क्रम उलटा झाला, की क्रेडिट अडकते आणि सोडवायला महिने लागतात. कंपनीचे नोंदणी प्रमाणपत्र हाती येईल तो दिवस तुम्ही ठरवू शकत नाही, म्हणून त्या आठवड्यात ग्राहकाचा माल थोडा आधीच पोचवा आणि नवा जीएसटी क्रमांक येईपर्यंत मोठी पाठवणी टाळा. संस्थेचे बँक खातेही लगेच बंद करू नका, कारण जुन्या बिलांचे पैसे काही महिने त्याच खात्यात येत राहतील. ते कंपनीच्या खात्यात वर्ग करताना प्रत्येक नोंदीसमोर जुन्या बिलाचा क्रमांक लिहा.